रकाना हलला की हक्क हलतो

निकाहनामा हा आपल्याकडे मोठा विचित्र कागद झाला आहे. तो प्रत्येक घरात जपून ठेवलेला असतो आणि अनेक घरांत तो वाचू शकणारं माणूस मात्र नसतं. मुलं मराठी शाळेत शिकली. घरात कुठे मराठी, कुठे दखनी, कुठे कोकणी बोलली जाते. उर्दू कानाला ओळखीची आहे, डोळ्याला नाही. त्यामुळे नोंदणी कार्यालयात, पासपोर्टसाठी, वारशाच्या भांडणात किंवा तलाकचा प्रश्न उभा राहिला की हा कागद बाहेर निघतो आणि मग तो कोणाकडून वाचून घ्यायचा याची शोधाशोध सुरू होते.

आता त्यावर एक सोपा उपाय सापडला आहे. फोनने निकाहनाम्याचा फोटो काढायचा आणि भाषांतराचं बटण दाबायचं. क्षणात उर्दू अक्षरं पुसली जातात आणि त्याच जागी मराठी अक्षरं उमटतात. शिक्का तसाच, सह्या तशाच, चौकटी तशाच, फक्त भाषा मराठी. पाहणाऱ्याला वाटतं, हा तर तोच कागद आहे.

माझं म्हणणं असं की तो तोच कागद आहे की नाही, हे शब्दांवरून ठरत नाही. कोणता शब्द कोणत्या रकान्यात बसला, यावरून ठरतं. प्रत्येक शब्दाचं भाषांतर अचूक असूनही कागद खोटा होऊ शकतो, आणि निकाहनाम्याच्या बाबतीत त्याची किंमत बहुतेक वेळा बाईला मोजावी लागते. हे कसं घडतं ते नीट पाहिलं पाहिजे.

पत्र आणि फॉर्म यांत एक मूळ फरक आहे. पत्रातला अर्थ वाक्यात असतो. वाक्य मराठीत आणलं की अर्थ आला, मग ते कागदावर चार बोटं वर असो वा खाली. फॉर्ममध्ये मात्र अर्धा अर्थ जागेत असतो. '२५,०००' हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. तो कोणत्या शीर्षकाखाली, कोणत्या शब्दाच्या पुढे, कोणत्या ओळीत आहे यावरून तो मेहर होतो, घराचा नंबर होतो किंवा पावतीचा क्रमांक होतो. म्हणून फॉर्मचं भाषांतर करताना शब्द आणि जागा या दोन्ही गोष्टी न्याव्या लागतात.

आता मेहरचंच उदाहरण घेऊ. मेहर दोन प्रकारचा ठरवता येतो. एक 'मुअज्जल', म्हणजे तत्काळ देय. निकाहच्या वेळी किंवा बायको मागेल तेव्हा तो द्यायचा. दुसरा 'मुवज्जल', म्हणजे मुदतीनंतर देय. मुदत वेगळी ठरलेली नसेल तर तलाक झाल्यावर किंवा दोघांपैकी एकाच्या मृत्यूनंतर तो वसूल होतो. पहिल्या शब्दाच्या मुळाशी घाई आहे, तीच जी 'उजलत' या शब्दात दिसते. दुसऱ्याच्या मुळाशी मुदत आहे. अर्थ एकमेकांच्या उलट, आणि लिहिताना फरक फक्त एका अक्षराचा. पहिल्यात मीमनंतर ऐन येतो, दुसऱ्यात हमजा असलेला वाव. बाकी जीम आणि लाम दोन्हीकडे सारखेच. नस्तालीक वळणात, जुन्या छपाईत, घडीवर आलेल्या शाईत हा एका अक्षराचा फरक माणसालाही चष्मा लावून पाहावा लागतो. म्हणजे इथे शब्दावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. जागेचा आधार लागतोच.

नमुन्यादाखल एक ओळ घेतो. ही कोणाच्या खऱ्या कागदातली नाही, पण छापील निकाहनाम्यात अशी ओळ भेटते. उजवीकडून सुरू करा. आधी छापलेलं 'मेहर-ए-मुअज्जल', मग रिकामी रेघ, तिच्यावर हाताने लिहिलेले ५,०००. मग छापलेलं 'मेहर-ए-मुवज्जल', मग पुन्हा रेघ, तिच्यावर २५,०००. उर्दू वाचणारा उजवीकडून डावीकडे येतो. त्याला आधी नाव भेटतं, मग त्या नावाची रक्कम. तत्काळ मेहर पाच हजार, मुदतीचा मेहर पंचवीस हजार. अडचण कुठेच नाही.

आता फोनने या ओळीतले दोन शब्द मराठी केले आणि मोठ्या इमानदारीने जिथल्या तिथे ठेवले. एकही अक्षर जागचं हललं नाही. मराठी वाचक डावीकडून वाचायला लागतो. त्याला क्रमाने काय दिसतं? आधी '२५,०००', मग 'मुदतीचा मेहर', मग '५,०००', मग 'तत्काळ मेहर'. मराठीत नाव आधी येतं आणि त्याची रक्कम नंतर. म्हणून त्याचा डोळा आपसूक 'मुदतीचा मेहर' आणि '५,०००' यांची जोडी लावतो. सुरुवातीचा २५,००० आणि शेवटचा 'तत्काळ मेहर' हे दोघे एकटे उरतात, त्यांचीही जोडी लागून जाते. तत्काळ पंचवीस हजार, मुदतीचा पाच हजार. काहीच न हलता हक्क उलटा झाला.

आणि हा उलटा झालेला हक्क साधा नाही. तत्काळ मेहर लग्नातच दिला होता, असं नवऱ्याकडचे म्हणतील. मग तलाकच्या वेळी बाईच्या वाट्याला काय राहिलं, तर पंचवीस हजारांऐवजी पाच हजार. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याच्या कलम ३ मध्ये ठरलेल्या मेहरइतकी रक्कम मिळण्याचा घटस्फोटित स्त्रीचा हक्क लिहिलेला आहे. पण ठरलेला मेहर किती, हे सांगणारा कागदच समोरच्याने उलटा वाचला तर वकिलाच्या नोटिशीपासून समेटाच्या बैठकीपर्यंत तोच चुकीचा आकडा फिरत राहतो.

दुसऱ्या प्रकारची गफलत तक्त्यात होते. तीन रकाने आहेत असं समजू. उजवीकडून पहिला तत्काळ मेहर, मधला मुदतीचा, डावीकडचा एकूण. खाली रकमा उजवीकडून ५,०००, २५,००० आणि ३०,०००. फोटोवर भाषांतर करणारी बरीच साधनं रकाना न रकाना वेगळा धरत नाहीत, ती ओळ धरतात. मग शीर्षकांची सगळी ओळ एकच वाक्य समजली जाते. तिचं भाषांतर होतं आणि मराठी असल्यामुळे ती डावीकडून उजवीकडे मांडली जाते. तत्काळ, मुदतीचा, एकूण. खालच्या ओळीत नुसते आकडे आहेत. आकड्यांचं भाषांतर काय करायचं? ते जागेवरच राहतात. म्हणून डावीकडच्या 'तत्काळ'खाली ३०,००० येतात आणि उजवीकडच्या 'एकूण'खाली ५,०००. शीर्षकं फिरली, आकडे फिरले नाहीत.

ही अर्धी फिरलेली चौकट सर्वांत धोकादायक असते, कारण ती नीटनेटकी दिसते. सुदैवाने या उदाहरणात एकूणचा रकाना आहे आणि बेरीज जुळत नाही, म्हणून संशय तरी येतो. एकूणचा रकाना नसेल, फक्त दोनच रकाने असतील, तर पकडायला काहीही उरत नाही.

म्हणून 'जागा जपणे' याचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. एक, कागदावरची जागा. दुसरी, नावाची आणि रकमेची आपसातली जागा, म्हणजे कोण कोणाचं आहे हे नातं. पहिली जपूनही दुसरी बिघडते, हे आपण वर पाहिलं. जपायची असते ती दुसरी.

मग चौकट उलटवावी की नाही? माझ्या मते उत्तर कागद कशासाठी हवा यावर आहे. फोटो फोटोच ठेवायचा असेल, म्हणजे त्यावर सह्या, अंगठे, जमातीचा शिक्का दिसायला हवा असेल, तर काहीही उलटवू नये. सह्या आणि शिक्के हलवता येत नाहीत. ते जागेवर ठेवून बाकीची चौकट फिरवली तर गवाहाची सही काझीच्या नावासमोर जाते. अशा वेळी चौकट उर्दूच्या क्रमाने, उजवीकडूनच राहू द्यावी आणि वाचणाऱ्याला वाट दाखवावी. प्रत्येक नावाला आणि त्याच्या रिकाम्या जागेला एकच क्रमांक द्यावा. 'तत्काळ मेहर'जवळ १ आणि ५,००० जवळही १. 'मुदतीचा मेहर'जवळ २ आणि २५,००० जवळही २. शिवाय वर स्पष्ट लिहावं की हा कागद उजवीकडून डावीकडे वाचायचा आहे. दिसायला हे गबाळं आहे, पण यात जोडी चुकत नाही.

कोऱ्या कागदावर नवी मराठी प्रत तयार करायची असेल, तर मात्र चौकट पूर्ण उलटवावी. शीर्षकं, आकडे, अनुक्रम, शेरा, सगळं एकत्र आणि एकदमच. उजवीकडचा पहिला रकाना डावीकडचा पहिला होईल, बाकीचे त्याच्या मागोमाग येतील. पूर्ण न फिरवणं चालेल, पूर्ण फिरवणं चालेल, अर्धं फिरवणं कधीच चालणार नाही.

आकड्यांबद्दल इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. उर्दू लिपी उजवीकडून चालते, पण आकडा तिच्यातही डावीकडूनच लिहितात. २५,००० मधला दोन उर्दूतही डावीकडेच असतो. म्हणून चौकट उलटवताना आकड्याच्या आतले अंक कधीही फिरवायचे नसतात. तारखेचं मात्र तसं नाही. ३१ जानेवारी १९९९ हे उर्दूत लिहिताना ३१ उजवीकडे येतात, मग महिना, मग साल सर्वांत डावीकडे. प्रत्येक आकडा आतून जसाच्या तसा, पण तीन तुकड्यांचा क्रम उलटा. नव्या प्रतीत तारीख नेताना तुकड्यांची रांग बदलायची आणि तुकडे सांभाळायचे.

तारखेत एक चांगली सोयही आहे. अनेक निकाहनाम्यांत हिजरी आणि इसवी या दोन्ही तारखा शेजारी शेजारी असतात. इसवी सालाला हमजाची खूण असते, हिजरीला 'हे' अक्षराची. जानेवारी १९९९ च्या अखेरीस शव्वाल १४१९ चालू होता. 'इसवी सन १४१९' असं मराठी प्रतीत दिसलं की रकाने फिरलेत हे तिथेच कळतं आणि मग मेहरच्या ओळीकडेही संशयानेच पाहिलं पाहिजे. तारखांच्या रकान्यांची ही जोडी साऱ्या कागदाची नाडी आहे.

आता जागेच्या मापाकडे येऊ. नस्तालीक उभं आणि तिरकं चालतं. शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो, त्यामुळे थोड्या रुंदीत बराच मजकूर मावतो. शीर्षकात 'सुकूनत' एवढासा शब्द असतो, त्याचं मराठी 'राहण्याचे ठिकाण' होतं. 'वल्दियत'चं 'वडिलांचे नाव'. रकान्याची रुंदी मात्र तीच राहते. मग साधन दोनपैकी एक करतं. अक्षर लहान करत जातं किंवा शेजारच्या रिकाम्या जागेवर पसरतं. ती शेजारची जागा हाताने लिहिलेल्या मजकुराची असते. छापील नाव पसरून हाताने लिहिलेलं माणसाचं नाव झाकून टाकतं.

अक्षर लहान केलं तरी देवनागरीचा वेगळा त्रास आहे. आपली लिपी शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली, दोन्हीकडे पसरते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार. रकान्याची उंची उर्दूच्या ओळीवरून धरली आणि मराठी ओळ तीत कोंबली, तर वरचं किंवा खालचं कापलं जातं. खालचा उकार कापला की 'मुदतीचा मेहर'चा 'मदतीचा मेहर' होतो. वाचणाऱ्याला चूक दिसतही नाही, कारण 'मदत' हा शब्द धडधाकट आहे. मेहर ही मदत नसते, ते देणं असतं.

यावर उपाय अवघड नाही. रकान्यात लहान शब्द ठेवावा: 'पत्ता', 'वडील', 'तत्काळ', 'मुदती'. तोही मावत नसेल तर रकान्यात नुसता क्रमांक घालून पूर्ण मजकूर तक्त्याखाली लिहावा. नवी प्रत असेल तर सगळ्या ओळीची उंची एकदम वाढवावी. एकाच खान्याची उंची वाढवली तर शेजारचे खाने मागे पडतात आणि एका गवाहाचा पत्ता दुसऱ्या गवाहाच्या नावासमोर येतो.

त्यानंतर येतात त्या गोष्टी, ज्या अक्षरं नाहीत पण बोलतात. काही छापील नमुन्यांत वधूच्या नावापुढे 'कुंवारी, बेवा, मुतल्लका' असे तिन्ही शब्द छापलेले असतात आणि जे लागू नाहीत ते आडवी रेघ मारून खोडायचे असतात. भाषांतराचं साधन जुनं अक्षर पुसताना त्यावरची रेघही पुसतं. मग मराठीत 'कुमारी, विधवा, घटस्फोटित' असे तिन्ही शब्द स्वच्छ उभे राहतात. मूळ कागदात एक उत्तर होतं, नव्या कागदात तीन झाली. खोडलेला शब्द प्रतीत खोडलेलाच दिसला पाहिजे.

रिकामा खाना हाही मजकूरच असतो. गवाहांच्या तक्त्यात एकाच्या वडिलांचं नाव लिहायचं राहिलेलं असेल, तर मराठी प्रतीतही तो खाना रिकामाच राहायला हवा. अनेकदा रिकामं वगळून पुढचं मागे ओढलं जातं आणि वडिलांच्या नावाच्या जागी गाव येऊन बसतं. गावाचं नाव आणि माणसाचं नाव यांतला फरक यंत्राला कळेलच असं नाही, पण त्या गवाहाला शोधायला गेलेल्या माणसाला तो फार महागात पडतो.

आणि शून्य. उर्दूत शून्य हा एक ठिपका असतो. निकाहनाम्यातल्या रिकाम्या जागाही पुष्कळदा ठिपक्यांच्या रेघेने आखलेल्या असतात. ठिपक्यांच्या रेघेवर ठिपक्यांची शून्यं बसली की झेरॉक्समध्ये कोणता ठिपका कशाचा, हे सांगणं कठीण. त्यात उर्दूचा पाच आतून पोकळ, उलट्या बदामासारखा, इंग्रजी अंकांची सवय असलेल्याला शून्यच वाटावा असा. म्हणजे पाच हजारांचे पाचही होऊ शकतात आणि पन्नास हजारही. रेघ पुसताना शून्यं गेली की राहिलीत, हे नुसत्या मराठी प्रतीवरून कळणार नाही.

पण इथे आपल्या जुन्या काझींनी आणि मुन्शींनी एक भक्कम सोय करून ठेवली आहे. रक्कम आकड्यात लिहिल्यावर ते ती अक्षरी लिहीत, आणि तेवढ्यावर न थांबता तिची निम्मी रक्कमही लिहीत. पंचवीस हजार, 'निस्फ' म्हणजे निम्मे साडेबारा हजार, आणि पुढे 'सिक्का-ए-राइजुल-वक्त', म्हणजे चालू चलनात. कोणी शून्य वाढवलं तर निम्म्याशी जुळणार नाही. हा मजकूर लांबलचक असतो, म्हणून भाषांतराच्या वेळी रकान्यात मावत नाही आणि सर्वांत आधी तोच गळतो किंवा कापला जातो. माझा आग्रह असा की बाकी काहीही लहान करा, हे वाक्य करू नका. आकडा, अक्षरी रक्कम आणि निम्मी रक्कम या तिन्हींचा मेळ बसला तरच मेहरचा रकाना नीट उतरला असं मानावं.

हाताने लिहिलेल्या मजकुराबद्दलही एक भेद पाळायला हवा. छापलेली नावं भाषांतरित करायची, भरलेला मजकूर नुसता लिप्यंतरित करायचा. 'गवाह'चं 'साक्षीदार' होऊ द्या. पण नूरजहाँ ही मराठीतही नूरजहाँच राहिली पाहिजे, 'जगाचा प्रकाश' नव्हे. छापील आणि हातचं यांच्यात फरक न करणारं साधन एकतर दोन्ही बदलतं किंवा दोन्ही सोडून देतं.

मग प्रत्यक्षात करायचं काय? फोन वापरूच नये असं मी म्हणत नाही. कागदात काय आहे याचा अंदाज घ्यायला तो चांगला आहे. पण कोणापुढे ठेवायची प्रत करायची असेल, तर आधी पेन्सिल घेऊन मूळ कागदाच्या झेरॉक्सवर बसावं. तक्त्याच्या ओळी मोजाव्यात, रकाने उजवीकडून मोजावेत आणि प्रत्येक खान्याला पत्ता द्यावा. तिसरी ओळ, उजवीकडून दुसरा रकाना. रिकाम्या खान्यालाही पत्ता, खोडलेल्यालाही पत्ता. वर घेतलेल्या मेहरच्या तक्त्यात शीर्षकांची एक ओळ आणि रकमांची एक, रकाने तीन, म्हणजे सहा पत्ते होतात. नव्या प्रतीत सहाच खाने भरले पाहिजेत, पाचही नाहीत आणि सातही नाहीत. मग मराठी प्रत हातात घेऊन उलट दिशेने यावं. मराठीतला प्रत्येक खाना उचलून तो मूळ कागदावर कुठे आहे ते बोटाने दाखवावं. उर्दू वाचता न येणाऱ्यालाही हे काम बऱ्याच अंशी जमतं, कारण इथे अक्षर वाचायचं नसून जागा जुळवायची आहे. उरलेल्या कामासाठी, म्हणजे मुअज्जल की मुवज्जल हे ठरवण्यासाठी, उर्दू जाणणारं माणूस लागेल. पण त्याला साऱ्या कागदाऐवजी चार शब्द दाखवायचे असतील.

फोटो काढतानाही थोडी काळजी घेतली तर अर्धा त्रास वाचतो. कागद सपाट ठेवून, चारही कोपरे येतील असा, बरोबर वरून फोटो घ्यावा. तिरक्या फोटोत ओळी तिरक्या होतात आणि शेजारच्या रकान्यातला मजकूर वरच्या किंवा खालच्या ओळीत मोजला जातो. घडीची रेघ गडद असेल तर ती तक्त्याची रेघ समजली जाऊन एका खान्याचे दोन खाने होतात. सावली टाळावी, कारण सावलीत फिकट आखणी आधी गायब होते.

हे सगळं झालं एकेका कागदापुरतं. पण हा प्रश्न मुळात तयार कुठे होतो, तर आपण निकाहनामा छापतो तिथे. निकाह वैध होण्यासाठी ईजाब-कबूल आणि गवाह लागतात, मेहर बायकोचा हक्क म्हणून येतो. कागद उर्दूतच असावा अशी कोणतीही शर्त नाही. कागद येतो तो पुराव्यासाठी, आणि मुदतीचा मेहर हे तर सरळ कर्ज आहे. मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने ते न्यायाने लिहावं, ही सूरह बकरामधल्या २८२ व्या आयतीची शिकवण आपण प्रवचनात ऐकतो. ज्याचं देणं आहे आणि जिचं येणं आहे त्या दोघांनाही वाचता न येणारा कागद हा त्या शिकवणीत कितपत बसतो, याचा विचार जमातींनी करायला हवा.

उर्दू काढून टाका असं मी म्हणणार नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांच्यासाठी ती असावी, आणि जुन्या कागदांशी मेळ राहावा म्हणूनही असावी. माझी मागणी फार छोटी आहे. जमातीने पुढच्या वेळी निकाहनाम्याची पुस्तकं छापायला टाकताना प्रत्येक रकान्याला क्रमांक छापावा. एक, दोन, तीन, थेट सह्यांपर्यंत. त्या क्रमांकाखाली उर्दू आणि मराठी दोन्ही नावं असावीत. मुअज्जल आणि मुवज्जल एका ओळीत शेजारी न ठेवता एकाखाली एक, दोन स्वतंत्र ओळींत असावेत, म्हणजे उजवीकडून वाचा नाहीतर डावीकडून, त्यांची अदलाबदल होणार नाही. रिकाम्या जागेला ठिपक्यांची रेघ नको, साधी चौकट असावी. आकडी, अक्षरी आणि निम्म्या रकमेला तीन स्वतंत्र खाने असावेत. पर्याय खोडण्याऐवजी एकच शब्द लिहायला जागा ठेवावी.

याला पैसा लागत नाही, फतवा लागत नाही आणि कायदाही लागत नाही. एकदा छापखान्यात बसून चौकट नीट आखावी लागते. मग तो कागद पुढे कोणत्याही भाषेत नेला, यंत्राने नेला किंवा माणसाने नेला, तरी रकाना क्रमांक अकरामधला आकडा अकरामध्येच राहील आणि ज्या बाईचा तो आहे, तिला बोट ठेवून तो दाखवता येईल.